वॉचडॉग टायमर आणि ब्राउनआउट संरक्षण (कृषिपंप नियंत्रक)

वॉचडॉग टायमर आणि ब्राउनआउट संरक्षण या मायक्रोकंट्रोलरमधील (सूक्ष्मनियंत्रकातील) दोन स्वतंत्र सुरक्षा-यंत्रणा होत. पहिली यंत्रणा ठरावीक मुदतीत प्रोग्रामकडून खूण न मिळाल्यास मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू करते. दुसरी यंत्रणा पुरवठ्याचा विद्युत दाब सुरक्षित पातळीखाली गेला असता त्याला थांबवून धरते आणि दाब पूर्ववत झाल्यावरच सोडते. माणसाचा हात सहज पोहोचत नाही अशा ठिकाणी बसविलेले उपकरण अडकून पडल्यावर (हँग झाल्यावर) किंवा विजेच्या चढउतारानंतर आपोआप कामाला लागावे, हा दोहोंचा हेतू असतो. या लेखात वर्धा जिल्ह्यातील विहिरींवर दिसणाऱ्या मोबाइल स्टार्टरसारखा पंप नियंत्रक उदाहरणादाखल घेतला असून, त्यात एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आहे असे मानले आहे. आर्डुइनो उनो या फलकावर हाच मायक्रोकंट्रोलर असल्यामुळे विद्यार्थ्यांना तो सहसा परिचित असतो.

## पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यात कृषिपंपांना तीन फेजचा वीजपुरवठा ठरावीक तासांपुरता व आळीपाळीने मिळत आला आहे. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. हरभरा व गव्हाचे ओलीत, तसेच कारंजा व आष्टी तालुक्यांतील संत्राबागा यांसाठी रात्रीच्या पाळीत विहिरीवर जावे लागते. सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. त्या परिसरातील शेतकऱ्याला रात्री शेतावर जाणे धोक्याचे वाटते. मोबाइलवरून पंप चालू व बंद करणारा नियंत्रक या अडचणीवर उपाय म्हणून बसविला जातो. त्यात एक मायक्रोकंट्रोलर, सिमकार्ड घातलेला जीएसएम मोडेम, फेज व करंट मोजणारे भाग आणि स्टार्टरला आज्ञा देणारा रिले एवढे घटक असतात.

असा नियंत्रक बंद पडला तर शेतकऱ्याला रात्री विहिरीवर जाऊन त्याचा वीजपुरवठा काढून पुन्हा जोडावा लागतो, म्हणजे ज्या खेपेसाठी तो बसविला तीच खेप करावी लागते. तो रिले चालू असताना अडकून पडला तर आपत्ती अधिक मोठी असते. विहीर उपसली गेल्यावरही मोटार कोरडी चालत राहते आणि बंद करण्याचा संदेश पाठवूनही काही घडत नाही.

वीज आल्यानंतरची पहिली काही मिनिटे या उपकरणास सर्वांत कठीण जातात. अनेक शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवितात. त्यामुळे वीज येताच एका डीपीवरील (वितरण रोहित्रावरील) सर्व पंप एकाच वेळी सुरू होऊ पाहतात. सरळ पुरवठ्यावर सुरू होणारी मोटार आरंभी पूर्ण भाराच्या पाच ते सात पट करंट घेते. अशा दहा-पंधरा मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवरील दाब खाली येतो. दाब कमी असल्याने मोटारींना वेग घेण्यास वेळ लागतो आणि दाब तितकाच अधिक काळ खाली राहतो. ऑटो स्विच काढावेत आणि मोटारीला कपॅसिटर बसवावा, असे आवाहन महावितरण वेळोवेळी करते त्याचे हेच कारण आहे. ज्या क्षणी नियंत्रकाने काम करावयाचे, त्याच क्षणी त्याचा स्वतःचा पुरवठा सर्वांत अस्थिर असतो.

## अर्धवट दाबाची अवस्था

वीज पूर्ण गेली आणि काही वेळाने पूर्ण आली, तर मायक्रोकंट्रोलरला विशेष त्रास होत नाही. तो शून्यापासून सुरू होतो. त्रास होतो तो वीज अर्धवट जाते तेव्हा. या अवस्थेस ब्राउनआउट म्हणतात. दिव्याचा प्रकाश तांबूस व मंद होतो, त्यावरून हे नाव पडले.

साध्या नियंत्रकात २३० व्होल्टवरून ९ व्होल्ट करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ हा पाच व्होल्टचा रेग्युलेटर एवढी मांडणी असते. फेजचा दाब २३० वरून १६० व्होल्टवर आला असे धरू. ट्रान्सफॉर्मरमधून ९ ऐवजी सुमारे ६.३ व्होल्ट मिळतात. त्याचे शिखरमूल्य सुमारे ८.९ व्होल्ट असते आणि डायोडांतील घट वजा जाता कपॅसिटरवर साडेसात व्होल्टच्या आसपास दाब उरतो. मोडेमसह एकूण २०० मिलिअँपिअर करंट घेतला जात असेल, तर दोन शिखरांच्या दरम्यान हा दाब आणखी दीड ते दोन व्होल्ट खाली येतो. ७८०५ ला स्वतःसाठी सुमारे दोन व्होल्टचे अंतर लागते. परिणामी पाच व्होल्ट अपेक्षित असलेल्या तारेवर सेकंदाला शंभर वेळा दाब साडेतीन ते चार व्होल्टपर्यंत बुडतो आणि पुन्हा वर येतो. बाहेरून पाहणाऱ्यास यातील काहीच दिसत नाही. उपकरणावरील एलईडी चालूच असतो.

या मायक्रोकंट्रोलरला किती दाब लागतो हे त्याच्या घड्याळाच्या वेगावर अवलंबून असते. उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे २० मेगाहर्ट्झसाठी किमान ४.५ व्होल्ट, १० मेगाहर्ट्झसाठी २.७ व्होल्ट आणि ४ मेगाहर्ट्झसाठी १.८ व्होल्ट हवेत. मधल्या वेगांसाठी मर्यादा सरळ रेषेत बदलते. त्या हिशेबाने १६ मेगाहर्ट्झला सुमारे ३.७८ व्होल्ट लागतात. त्याखाली मायक्रोकंट्रोलर बंद पडतोच असे नाही. तो चालत राहतो, मात्र बरोबर चालेल याची हमी राहत नाही. एखादी आज्ञा चुकीची वाचली जाते, प्रोग्राम भलत्याच जागी उडी घेतो, क्वचित ईईप्रॉम या कायम स्मृतीत भलताच आकडा लिहिला जातो. पूर्ण बंद पडलेल्या उपकरणापेक्षा असे अर्धवट भानावर असलेले उपकरण अधिक घातक असते.

## ब्राउनआउट संरक्षणाची योग्य पातळी

एटीमेगा ३२८पी मध्ये ब्राउनआउट शोधक अंगभूत आहे. तो पुरवठ्याची तुलना एका निश्चित पातळीशी सतत करतो आणि दाब त्याखाली गेला की मायक्रोकंट्रोलरला रीसेट अवस्थेत धरून ठेवतो. पातळी तीनांपैकी एक निवडता येते: १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट. हे नाममात्र आकडे आहेत. प्रत्यक्षात २.७ ची पातळी २.५ ते २.९ च्या दरम्यान आणि ४.३ ची पातळी ४.१ ते ४.५ च्या दरम्यान कुठेही असू शकते. निवड प्रोग्राममधून करता येत नाही. ती फ्यूज नावाच्या वेगळ्या नोंदीत प्रोग्रामरच्या साहाय्याने लिहावी लागते.

आर्डुइनो उनो हा फलक १६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याची ब्राउनआउट पातळी २.७ व्होल्टवर ठेवलेली असते. वर काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले असता यातील उणीव स्पष्ट होते. या वेगाला ३.७८ व्होल्ट हवेत, पण पहारा मात्र २.७ वर बसलेला आहे. त्यामुळे या दोन आकड्यांमधील जवळजवळ एक व्होल्टचा पट्टा बिनपहाऱ्याचा राहतो, आणि डीपीवरील दाब १६० व्होल्टच्या आसपास वा त्याखाली गेला की पाच व्होल्टची तार नेमकी या पट्ट्यात उतरू लागते. प्रयोगशाळेच्या टेबलावर महिनोन्‌महिने नीट चाललेला नियंत्रक विहिरीवर नेताच आठवड्यातून दोनदा का अडकतो, याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, वेग १६ मेगाहर्ट्झच ठेवून पातळी ४.३ व्होल्ट करणे. दुसरा, ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसवून पातळी २.७ व्होल्ट ठेवणे. ८ मेगाहर्ट्झला २.४ व्होल्ट पुरतात आणि पहाऱ्याची सर्वांत खालची शक्यता २.५ व्होल्ट असल्याने मध्ये पट्टा उरत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्ही मार्ग बरोबर आहेत. फरक पडतो तो टिकावाच्या वेळेत. मायक्रोकंट्रोलरच्या पुरवठ्यात डायोड घालून त्यापुढे १००० मायक्रोफॅरडचा वेगळा कपॅसिटर जोडला आणि मोडेम व रिले डायोडच्या अलीकडे ठेवले, तर दाब बुडताना या कपॅसिटरमधील साठा केवळ मायक्रोकंट्रोलरला मिळतो. आरंभीचा दाब ४.७ व्होल्ट आणि करंट २० मिलिअँपिअर धरल्यास टिकावाची वेळ अशी निघते:

```
t = C × ΔV / I
4.3 V: 0.001 × (4.7 − 4.5) / 0.02 = 0.010 s
2.7 V: 0.001 × (4.7 − 2.9) / 0.02 = 0.090 s
```

दोन्ही ओळींत पातळीची सर्वांत वरची शक्यता धरली आहे. पहिल्या मार्गात उपकरण १० मिलिसेकंद, म्हणजे विजेचे अर्धे आवर्तन टिकते. दुसऱ्या मार्गात ते ९० मिलिसेकंद, म्हणजे साडेचार आवर्तने टिकते. शेजारची मोटार सुरू होताना बसणारे लहान झटके दुसऱ्या मार्गात रीसेटविना पार पडू शकतात. पंप नियंत्रकाला वेगाची गरज जवळजवळ नसते. त्यामुळे ८ मेगाहर्ट्झचा मार्ग अधिक सोयीचा ठरतो. पातळी लिहिण्याची आज्ञा पुढीलप्रमाणे आहे. यूएसबीएएसपी हा स्वस्त प्रोग्रामर येथे गृहीत धरला आहे.

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFD:m
```

`0xFD` म्हणजे २.७ व्होल्ट, `0xFC` म्हणजे ४.३ व्होल्ट आणि `0xFF` म्हणजे संरक्षण बंद. कोऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये कारखान्यातून येताना शेवटचीच स्थिती असते. बाजारातून सुटा मायक्रोकंट्रोलर आणून स्वतःची पाटी तयार करणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट अनेकदा येत नाही.

ब्राउनआउट संरक्षण बंद करून दोष झाकण्याची प्रवृत्तीही आढळते. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर `Brownout detector was triggered` हा संदेश वारंवार दिसू लागला की तो शोधकच प्रोग्राममधून निष्क्रिय करण्याचा सल्ला दिला जातो. त्याने संदेश थांबतो; दाब तेवढाच बुडत राहतो.

## वॉचडॉग टायमरचे कार्य

ब्राउनआउट संरक्षण नीट असले तरी प्रोग्राम इतर कारणांनी अडकू शकतो. मोडेमच्या उत्तराची वाट पाहणारी आवर्तिका (लूप) उत्तर न आल्यास संपतच नाही. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरमधून उडालेल्या ठिणगीचा विद्युत गोंगाट एखादी स्मृतिपेशी बदलून जातो. प्रोग्राममध्येच चूक असते. यासाठी वॉचडॉग टायमर असतो. तो मायक्रोकंट्रोलरच्या मुख्य घड्याळावर अवलंबून नसून स्वतःच्या १२८ किलोहर्ट्झच्या आंदोलकावर चालतो. त्यामुळे मुख्य क्रिस्टल थांबला तरी त्याची मोजणी चालू राहते. मुदत १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत निवडता येते. प्रोग्रामने मुदतीच्या आत `wdt_reset()` ही आज्ञा देऊन मोजणी शून्यावर आणली नाही, तर रीसेट घडतो.

ही आज्ञा कोठे द्यावी यावर वॉचडॉगची सारी उपयुक्तता अवलंबून असते. सर्वांत अधिक आढळणारी चूक अशी: मोडेमला नेटवर्क मिळण्यास अर्धा मिनिट लागू शकतो, वॉचडॉगची कमाल मुदत तर आठ सेकंदांची, म्हणून वाट पाहणाऱ्या आवर्तिकेतच `wdt_reset()` लिहिले जाते. ज्या ठिकाणी प्रोग्राम अडकण्याची शक्यता सर्वाधिक, तेथेच वॉचडॉगला ‘सर्व ठीक आहे’ असे सांगितले जाते. दुसरी चूक म्हणजे ही आज्ञा टायमर इंटरप्टमध्ये देणे. मुख्य प्रोग्राम मेला तरी इंटरप्ट चालत राहू शकतो आणि वॉचडॉग कायमचा समाधानी राहतो. रात्री प्रत्यक्ष फेरी न मारता चौकीत बसूनच नोंदवहीत सह्या करणाऱ्या पहारेकऱ्याची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे.

योग्य रीत अशी की प्रोग्राममध्ये कोठेही थांबून वाट पाहू नये. प्रत्येक फेरीत फेज व करंट मोजावेत, मोडेमकडून काही अक्षरे आली असल्यास तेवढी वाचून पुढे जावे, मुदती तपासाव्यात आणि फेरी पूर्ण करावी. प्रत्येक काम खरोखर पूर्ण झाल्यावर आपापली खूण लावावी. सर्व खुणा लागलेल्या असतील तरच वॉचडॉगला आज्ञा द्यावी, आणि ती साऱ्या प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी असावी.

```c
/* 1: mojani, 2: modem, 4: mudat */
if (khuna == 0x07) {
    wdt_reset();
    khuna = 0;
}
```

अशी फेरी काही मिलिसेकंदांत पूर्ण होते; मग आठ सेकंदांची मुदत घेण्याचे कारण उरत नाही आणि दोन सेकंद पुरेसे होतात. वॉचडॉगचा आंदोलक तापमान व दाब यांनुसार थोडा बदलतो. वर्ध्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीत, मुदत छापील आकड्याशी तंतोतंत जुळेल असे समजू नये. फेरीचा सर्वाधिक काळ आणि मुदत यांत काही पटींचे अंतर ठेवावे ते यासाठी.

वॉचडॉगने रीसेट केल्यानंतर या मायक्रोकंट्रोलरमध्ये वॉचडॉग चालूच राहतो, आणि तोही सर्वांत लहान, म्हणजे १६ मिलिसेकंदांच्या मुदतीवर. प्रोग्रामने आरंभीच त्याची व्यवस्था केली नाही तर तयारी पूर्ण होण्यापूर्वी दुसरा रीसेट होतो, मग तिसरा, आणि उपकरण कायमचे या चक्रात सापडते. म्हणून `main()` च्याही आधी चालणाऱ्या विभागात रीसेटचे कारण वाचून ठेवणे, ते पुसणे आणि वॉचडॉग तात्पुरता बंद करणे आवश्यक असते.

```c
#include <avr/io.h>
#include <avr/wdt.h>
uint8_t karan __attribute__((section(".noinit")));

void arambh(void) __attribute__((naked, used, section(".init3")));
void arambh(void) {
    karan = MCUSR;
    MCUSR = 0;
    wdt_disable();
}
```

आर्डुइनोचे काही जुने बूटलोडर हे करीत नसत. त्या फलकांवर वॉचडॉग वापरला की फलक ‘मेला’ अशी तक्रार येई. पुढे आलेल्या ऑप्टिबूटमध्ये हा दोष नाही. मात्र तो `MCUSR` स्वतःच पुसत असल्याने वरील कोडला कारण मिळत नाही. शेतावर कायमचे बसवायच्या उपकरणात बूटलोडर न ठेवता प्रोग्राम थेट प्रोग्रामरने भरल्यास दोन्ही प्रश्न मिटतात.

## मोडेमचे स्वतंत्र पुनरारंभ

मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू झाला म्हणजे संपूर्ण उपकरण नव्याने सुरू झाले असे नाही. मोडेमला स्वतःचा प्रोसेसर व स्वतःचा प्रोग्राम असतो आणि तोही अडकतो. एसआयएम८००एल हा पुष्कळ वापरला जाणारा मोडेम ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालतो. प्रक्षेपणाच्या क्षणी, अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा किंचित अधिक काळ, तो दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. पातळ तारेतून वा अपुऱ्या कपॅसिटरवरून पुरवठा दिला तर त्याचा दाब त्या क्षणी मर्यादेखाली जाऊन तो बंद पडतो किंवा मूक होतो. अशा वेळी मायक्रोकंट्रोलर ठणठणीत असतो, वॉचडॉग समाधानी असतो आणि फोन केला असता मात्र लागत नाही.

त्यासाठी मोडेमचा पुरवठा एका मॉस्फेटमधून देऊन त्याचे नियंत्रण मायक्रोकंट्रोलरकडे ठेवतात. दर मिनिटाला `AT` ही आज्ञा पाठवावी. लागोपाठ तीन वेळा `OK` आले नाही, तर पुरवठा दहा सेकंद तोडून पुन्हा द्यावा. मोडेमचा कपॅसिटर मोठा असेल तर तो रिकामा होण्यास वेळ लागतो, म्हणून ही दहा सेकंदांची सवड. पुरवठा तोडताना मायक्रोकंट्रोलरची मोडेमकडे जाणारी सिरीयल तारही शून्यावर आणावी लागते. अन्यथा त्या तारेतून झिरपणाऱ्या करंटवर मोडेम अर्धवट जिवंत राहतो आणि नीट सुरू होत नाही.

ब्राउनआउटनंतर मोडेम तत्काळ चालू करणेही चुकीचे ठरते. दाब जेमतेम पातळीवर आला, मोडेम चालू झाला, त्याच्या ओढीने दाब पुन्हा बुडाला, पुन्हा रीसेट झाला. हे चक्र तासन्‌तास चालू राहू शकते. रीसेटचे कारण ब्राउनआउट असल्यास मायक्रोकंट्रोलरने काही सेकंद थांबून आपला पुरवठा मोजावा आणि तो सतत चांगला राहिला तरच मोडेमला वीज द्यावी. या मोजणीसाठी बाहेरचा भाग लागत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या आत १.१ व्होल्टचा संदर्भ असतो आणि तो मोजून आलेल्या आकड्यावरून पुरवठा काढता येतो: `Vcc(mV) = 1126400 / ADC`. हा संदर्भ प्रत्येक नगात १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान असल्याने एकदा मल्टिमीटरशी ताडून स्थिरांक दुरुस्त करावा लागतो.

## रीसेटनंतर पंपाची स्थिती

उपकरण आपोआप सुरू होणे आणि पंप आपोआप सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. दुरुस्तीसाठी विहिरीत उतरलेल्या माणसाच्या जिवाशी या भेदाचा संबंध आहे. रीसेट होताच मायक्रोकंट्रोलरच्या सर्व पिना इनपुट होतात, म्हणजे त्या रिलेला चालू वा बंद असे काहीच सांगत नाहीत. त्या क्षणी रिलेच्या ट्रान्झिस्टरची तार तरंगती राहू नये म्हणून ती १० किलोओहमच्या रेझिस्टरने जमिनीशी (शून्य दाबाशी) जोडतात. यामुळे रीसेट, ब्राउनआउट वा तुटलेली तार, यांपैकी काहीही घडले तरी रिले बंद अवस्थेत जातो. आधी पंप चालू होता, ही नोंद ईईप्रॉममध्ये ठेवून रीसेटनंतर तो पुन्हा सुरू करावयाचा असल्यास तिन्ही फेज हजर आहेत आणि दाब पुरेसा आहे हे तपासावे, शेतकऱ्याला संदेश जावा व मधे काही अवधी ठेवावा.

हा अवधी सर्व उपकरणांत सारखा असला तर ऑटो स्विचचाच दोष पुन्हा निर्माण होतो. उपकरणातील सिमच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक घेऊन त्यांना तीनने गुणावे आणि तितके सेकंद थांबावे, ही सोपी युक्ती आहे. एका डीपीवरील पंप मग पाच मिनिटांच्या अवधीत विखुरतात.

आउटपुट चालू असताना अडकलेला प्रोग्राम काय करू शकतो याचे अंतराळातील उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे क्लेमेंटाइन हे यान चंद्राचे निरीक्षण आटोपून पुढच्या प्रवासाला निघाले असता ७ मे १९९४ रोजी त्याच्या संगणकात बिघाड झाला. दिशा सांभाळणारी इंजिने सुमारे अकरा मिनिटे चालू राहिली, इंधन संपले आणि यान वेगाने स्वतःभोवती फिरू लागले. नियोजित लघुग्रहभेट रद्द करावी लागली. विहिरीवरील कोरड्या मोटारीची गोष्ट याहून वेगळी नाही.

## नोंदींवरून निदान

वॉचडॉगचा एक तोटा असा की तो दोष लपवतो. उपकरण रोज दहादा अडकून दहादा उठत असेल तर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला, तेव्हा अभियंत्यांनी तेवढ्यावर समाधान न मानता पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तोच प्रसंग घडवून प्रोग्राममधील कामांच्या अग्रक्रमाचा दोष शोधला आणि दुरुस्ती यानाकडे पाठवली.

पंप नियंत्रकात यासाठी `karan` मधील खुणांचे मोजमाप ईईप्रॉममध्ये ठेवावे व मागणी केल्यावर संदेशाने पाठवावे. `PORF` म्हणजे वीज पूर्ण जाऊन आली, `BORF` म्हणजे दाब बुडाला, `WDRF` म्हणजे वॉचडॉगने उठवले. वीज सावकाश वर चढल्यास पहिल्या दोन खुणा एकत्र लागलेल्या दिसतात. तेव्हा `PORF` ग्राह्य धरावी. समजा, आठवड्याअखेर `P:14 B:37 W:0` असा संदेश आला. प्रोग्रामला दोष देण्याचे कारण नाही. दोष पुरवठ्यात आहे आणि कपॅसिटर वाढवणे, अधिक दाबाचा ट्रान्सफॉर्मर किंवा विस्तृत पल्ल्याचा एसएमपीएस बसवणे हा त्याचा उपाय. याउलट `P:14 B:2 W:19` असा संदेश आला तर पुरवठा बरा असून प्रोग्राम कोठेतरी अडकतो आहे. अशा वेळी वॉचडॉगची इंटरप्ट-आणि-रीसेट ही पद्धत उपयोगी पडते. तीत मुदत संपल्यावर आधी इंटरप्ट येतो, त्यात त्या क्षणी कोणत्या खुणा लागल्या होत्या हे ईईप्रॉममध्ये लिहून ठेवता येते, आणि पुढच्या मुदतीला रीसेट होतो. न लागलेली खूण दोषी कामाकडे बोट दाखवते.

ईईप्रॉमची एक पेशी सुमारे एक लाख वेळा लिहिता येते. दिवसाला चाळीस रीसेट धरले तरी ती जवळजवळ सात वर्षे पुरते. मात्र दर मिनिटाला लिहू लागल्यास ती अडीच महिन्यांत संपेल. एका पेशीचे लेखन साडेतीन मिलिसेकंदांत होते. नोंद दोन ठिकाणी आणि तपासणी-बेरजेसह ठेवल्यास लिहिता लिहिता वीज गेली तरी एक प्रत शाबूत राहते.

## चाचणी

वॉचडॉगची चाचणी घेण्यासाठी एखाद्या गुप्त संदेशावर `while (1);` ही ओळ चालेल अशी तात्पुरती सोय करतात. उपकरण दोन सेकंदांनी उठले, रिले बंद झाला आणि `W` चा आकडा एकने वाढला, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. ती ओळ रिले चालू असतानाही चालवून पाहिली पाहिजे.

ब्राउनआउटसाठी डिमरस्टॅटवरून नियंत्रकाला वीज देऊन २३० पासून ५० व्होल्टपर्यंत अगदी सावकाश उतरावे आणि तितक्याच सावकाश वर यावे. झटकन बंद-चालू करून दोष सापडत नाही, कारण धोक्याचा पट्टा त्यात क्षणार्धात ओलांडला जातो. उतरताना व चढताना प्रत्येकी वीस-पंचवीस फेऱ्या कराव्यात आणि मोडेम नेटवर्क शोधत असताना त्यातील काही घ्याव्यात. दर फेरीनंतर ईईप्रॉममधील नोंद तीच आहे का हे तपासावे. ज्या नगात फ्यूज लिहिण्याचे राहून गेले असते, तो बहुधा पहिल्या दहा फेऱ्यांतच उघडा पडतो. डिमरस्टॅटच्या उघड्या जोडण्यांवर मुख्य वीज असते, त्यामुळे हे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने करू नये.

## मर्यादा

अंगभूत वॉचडॉग मायक्रोकंट्रोलरच्याच आत असल्याने वाट चुकलेला प्रोग्राम तो बंद करण्याची शक्यता, कितीही कमी असली तरी, उरते. अधिक खात्री हवी असल्यास मॅक्स ७०५ सारखा बाह्य रक्षक बसवतात. तो ४.६५ व्होल्टखाली रीसेट देतो आणि १.६ सेकंद खूण न मिळाल्यास आपली वॉचडॉग-तार खाली ओढतो. ही तार त्याच्याच हस्तचलित रीसेटच्या पिनेस जोडली नाही तर मायक्रोकंट्रोलर रीसेट होत नाही. नवशिक्यांच्या मांडणीत ही जोडणी अनेकदा राहून जाते. त्याची पातळी उंच असल्यामुळे वर सांगितलेला ९० मिलिसेकंदांचा टिकाव मात्र त्याच्याबरोबर मिळत नाही.

विजेच्या कडकडाटात लाइनवर येणारा उच्च दाब, चिकटून बसलेला रिलेचा संपर्क, संपलेले रिचार्ज आणि बंद पडलेला टॉवर यांवर या दोन्ही यंत्रणांचा काहीही उपाय चालत नाही. चिकटलेल्या संपर्काच्या बाबतीत तर मायक्रोकंट्रोलर कितीही वेळा रीसेट झाला तरी मोटार चालूच राहते. म्हणून स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले व कोरड्या चालण्यापासून संरक्षण देणारा भाग नियंत्रकापासून स्वतंत्र ठेवतात.

पाथफाइंडरप्रमाणे दुरून प्रोग्राम बदलण्याची सोय या साध्या नियंत्रकात नसते. `W` चा आकडा वाढत असल्याचे संदेशावरून कळले, तरी नवा प्रोग्राम भरण्यासाठी प्रोग्रामर घेऊन विहिरीवर जावेच लागते. फक्त ती खेप दिवसा करता येते.